एक प्रत्यय, तीन उच्चार

(वसतिगृहांतील सायंकाळच्या अभ्यासवर्गांत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आज मी एका वहीपासून सुरुवात करते. वही सातवीतल्या एका मुलीची. घरी वारली बोलणारी, वर्गात मागे बसणारी, फारसे न बोलणारी. मी मुलांना सांगितले होते, काल काय काय केले ते इंग्रजीत पाच वाक्यांत लिहा. तिने ‘वॉक’ हा शब्द लिहून त्याला नुसता टी जोडला होता. ‘हेल्प’ला टी, ‘वॉश’ला टी. ‘प्ले’ला नुसता डी. ‘वॉन्ट’ला मात्र ई-डी, अगदी पुस्तकात असते तसे. मी चार ठिकाणी लाल पेनाने ई-डी केले. तेवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. मी तिला उभे करून मोठ्याने वाचायला लावले : वॉक-एड, हेल्प-एड, वॉश-एड, प्ले-एड. माझ्यामागून तिने निमूटपणे तीनदा म्हटले.

काही दिवसांनी वर्गात आम्ही इंग्रजी गोष्टीचे ध्वनिमुद्रण लावले. वाचणारी बाई स्वच्छ म्हणाली, ‘वॉक्ट’. मग ‘वॉश्ट’. मग ‘प्लेड’, एकाच झटक्यात. त्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. त्या रात्री मी तिची वही परत उघडली. तिचे शुद्धलेखन चुकले होते, पण कान चुकला नव्हता. जिथे ट ऐकू येतो तिथे तिने टी लिहिला होता, जिथे ड ऐकू येतो तिथे डी, आणि जिथे स्वरासकट ऐकू येतो तिथे ई-डी. मी तिचे लेखन सुधारले आणि उच्चार बिघडवला.

ती चूक आपल्यापैकी कोणी पुन्हा करू नये, म्हणून आजचा विषय : इंग्रजी शब्दांच्या शेवटी येणारे एस आणि ई-डी कसे उच्चारायचे, आणि लिहिताना एक असलेल्या प्रत्ययाचे बोलताना तीन उच्चार का होतात.

आधी एक सूचना. इंग्रजी झेडचा आवाज मी ‘झ’ या अक्षराने दाखवणार आहे. ‘जेवण’ किंवा ‘झेंडा’मध्ये जीभ टाळूला लागते तो आवाज इथे नको. ‘बाजार’मधला ज, ‘माझा’मधला झ, तिथे जी घुमणारी सळसळ होते ती हवी. आपण ‘शूज’ म्हणतो तेव्हा शेवटी हाच आवाज काढतो.

आता ई-डी घेऊ. तो लावताना शब्दाचा शेवटचा आवाज ऐकायचा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारायचे, ठरलेल्या क्रमाने.

पहिला प्रश्न : शेवटचा आवाज ट किंवा ड आहे का? असेल तर मध्ये एक छोटा स्वर घालून ‘इड’ म्हणायचे. वॉन्ट, वॉन्टिड. नीड, नीडिड. पेंट, पेंटिड. इथे एक अवयव वाढतो, म्हणजे टाळी वाजवून मोजले तर एक टाळी जास्त पडते. याचे कारण जिभेत आहे. ट किंवा ड म्हणून झाल्यावर जीभ त्याच जागी असते. तिथेच लगेच दुसरा ड म्हटला तर तो ऐकूच येणार नाही, म्हणून मध्ये स्वर राहतो.

दुसरा प्रश्न पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तरच विचारायचा : शेवटचा आवाज कठोर की मृदू? कठोर असेल तर ई-डीचा उच्चार नुसता ट. वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. मृदू असेल किंवा शेवटी स्वर असेल तर नुसता ड. क्लीन्ड, कॉल्ड, प्लेड. या दोन्ही वेळा टाळी वाढत नाही. ‘वॉक’ला एक टाळी, ‘वॉक्ट’लाही एकच.

कठोर आणि मृदू हे शब्द मी मुद्दाम वापरले. ते आपल्या मुलांनी मराठी व्याकरणात पाठ केलेले असतात : क ख, च छ, ट ठ, त थ, प फ, श ष स हे कठोर आणि बाकीची व्यंजने मृदू. आपली वर्णमाला आवाज कुठून आणि कसा निघतो त्याप्रमाणे लावलेली आहे. ए-बी-सी-डीत ही सोय नाही. तिथे बी आणि पी यांच्यात डझनभर अक्षरे आहेत, आपल्याकडे प आणि ब एकाच ओळीत राहतात. ज्याला प-वर्ग येतो त्याला हा नियम अर्धा येतोच. उरलेला अर्धा गळ्यावर बोट ठेवून समजतो. ‘स्स्स’ म्हणा आणि लगेच ‘झ्झ्झ’ म्हणा. दुसऱ्या वेळी बोटाला कंप लागतो. तो कंप म्हणजे मृदू. एक सांभाळा, हे कुजबुजत करू नका. कुजबुजताना गळ्याचा कंप थांबतो आणि सगळेच आवाज कठोर वाटतात.

एसलाही हेच दोन प्रश्न लागू पडतात, फक्त पहिल्या प्रश्नातले आवाज बदलतात. शेवटी सळसळणारा आवाज आहे का, म्हणजे स, झ, श, च किंवा ज? असेल तर ‘इझ’ : बस, बसिझ. डिश, डिशिझ. चर्च, चर्चिझ. पेज, पेजिझ. नसेल तर कठोर आवाजापुढे ‘स’ : कॅट्स, बुक्स, मॅप्स. मृदू व्यंजनापुढे आणि स्वरापुढे ‘झ’ : डॉग्झ, पेन्झ, ट्रीझ. हा एस अनेकवचनाचा असो, ‘ही’ आणि ‘शी’ यांच्या क्रियापदाचा असो किंवा ‘अमक्याचे’ असे मालकी दाखवणारा असो, उच्चाराचा नियम तोच.

आता एकाच क्रियापदाला दोन्ही प्रत्यय लावून पाहू. ‘वॉश’च्या शेवटी श आहे. एसपुढे तो सळसळणाऱ्यांपैकी एक, म्हणून ‘वॉशिझ’, दोन टाळ्या. ई-डीपुढे तो ट-ड नाही आणि कठोर आहे, म्हणून ‘वॉश्ट’, एक टाळी. ‘वॉन्ट’चे नेमके उलटे. एसपुढे ट हा साधा कठोर, म्हणून ‘वॉन्ट्स’, एक टाळी. ई-डीपुढे ट हा त्याच जागेचा आवाज, म्हणून ‘वॉन्टिड’, दोन टाळ्या. मुलांना यादी पाठ करून हे जमणार नाही. प्रत्यय आणि शब्दाचा शेवट यांची जागा एक होते का, एवढे समजले की आपोआप जमते.

इथे आपण शिक्षक ज्या ठिकाणी हमखास पडतो ते ठिकाण सांगते. आपण शेवटचे अक्षर पाहतो. पाहायचे नसते, ऐकायचे असते. ‘लाफ’ लिहिताना शेवटी जी-एच येतात, पण आवाज फ आहे, म्हणून ‘लाफ्ट’. ‘होप’च्या शेवटी ई लिहिलेला दिसतो, पण शेवटचा आवाज प, म्हणून ‘होप्ट’. ‘बॉक्स’च्या शेवटी एक्स आहे, आवाज क्स, म्हणजे शेवटी स आलाच, म्हणून ‘बॉक्सिझ’. फळ्यावर शब्द लिहून नियम शिकवायला गेलो की मुले अक्षराच्या मागे लागतात. म्हणून पहिला तास फळा कोरा ठेवून घ्यावा.

तुम्ही विचाराल, आवाज तीन तर लिहायचे एकच का? त्या मुलीनेही मनात हेच विचारले असेल. उत्तर मराठीतच आहे. ‘एकदा’ हा शब्द भराभर बोलून पहा. तोंडातून ‘एगदा’ निघते. ‘आजचा’ म्हणताना ‘आच्चा’ होते. तरी आपण ‘एगदा’ आणि ‘आच्चा’ लिहीत नाही, कारण लिहिताना आपल्याला ‘एक’ आणि ‘आज’ हे मूळ शब्द दिसायला हवेत. इंग्रजी ई-डीचे तसेच आहे. कागदावर तो सांगतो, ‘ही गोष्ट होऊन गेली.’ तोंडात तो शेजाऱ्याच्या आवाजाशी जुळवून घेतो. लेखन नाते जपते, उच्चार शेजार जपतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

संस्कृत संधीचे नियम आठवत असतील त्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. ‘विपद्’ आणि ‘काल’ मिळून ‘विपत्काल’ होते. तिथे पुढच्या कठोर क-मुळे मागचा द बदलून त होतो. इंग्रजी प्रत्ययांत उलटे घडते. मागचा आवाज तसाच राहतो आणि पुढे येणारा प्रत्यय बदलतो. ‘एकदा’ची आपली सवय तोंडात असल्यामुळे काही मुले ‘वॉक्ड’ म्हणू लागतात आणि मग तोंड पुढच्या ड-साठी मागचा क ओढून ‘वॉग्ड’ करते. तसे ऐकू आले तर मुलाला एवढेच सांगा, क सोडू नकोस, प्रत्यय बदल.

या ई-डीला इतिहासही आहे. पूर्वीच्या इंग्रजीत त्यातला स्वर सगळीकडे उच्चारला जात असे. हळूहळू बोलण्यात तो गळला. जोनाथन स्विफ्ट या लेखकाने 1712 साली इंग्रजी भाषेच्या सुधारणेविषयी जी पुस्तिका लिहिली, तिच्यात त्याने याच गोष्टीची तक्रार केली की लोक असे स्वर गाळून व्यंजनांची टक्कर घडवतात. तक्रारीचा उपयोग झाला नाही. स्वर गेला, आणि उरलेला ड थेट क, प, श यांना भिडला की ट होऊ लागला. जिथे स्वर गेल्यावर प्रत्ययच ऐकू आला नसता, म्हणजे ट आणि ड यांच्यापुढे, तिथे तो टिकला. लेखनात मात्र ई सगळीकडे राहिला.

त्या जुन्या उच्चाराचा एक अवशेष आपल्या चर्चमध्ये अजून ऐकू येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात असताना इंग्रजी उपासनेत डोंगरावरील प्रवचनाचे वाचन माझ्याकडे आले होते. नुकताच हा नियम शिकले होते, म्हणून ‘धन्य’ या अर्थाचा शब्द मी ठामपणे ‘ब्लेस्ट’ असा वाचला. नंतर शिक्षकांनी बाजूला बोलावून सांगितले, इथे ‘ब्लेसिड’ वाचायचे. आशीर्वाद दिला अशी क्रिया असेल तर ‘ब्लेस्ट’, धन्य किंवा पवित्र असे विशेषण असेल तर बहुधा ‘ब्लेसिड’. अशी विशेषणे मोजकी आहेत : विद्वान या अर्थी ‘लर्निड’, वयोवृद्ध या अर्थी ‘एजिड’, त्याशिवाय ‘विकिड’, ‘नेकिड’, ‘क्रुकिड’. ‘बिलव्हिड’ हाही चर्चमध्ये नेहमी येणारा शब्द. ही यादी वेगळी पाठ करून घ्यावी, नियमात कोंबू नये. एसच्या बाजूलाही थोडे अपवाद आहेत. ‘से’ला एस लावला की ‘सेझ’ म्हणताना स्वर आखूड होतो, आणि ‘नाइफ’चे अनेकवचन ‘नाइव्ह्झ’ होताना मूळ शब्दच बदलतो.

आता वर्गात काय करायचे ते सांगते. जमिनीवर खडूने तीन वर्तुळे काढा. प्रत्येक मुलाच्या हातात चिंचोके द्या. तुम्ही शब्द म्हणायचा, मुलांनी प्रत्यय लावून मोठ्याने म्हणायचे आणि योग्य वर्तुळात चिंचोका टाकायचा. पहिल्या दिवशी फक्त टाळी वाढली की नाही एवढेच विचारा, म्हणजे दोनच वर्तुळे. टाळी पक्की झाल्यावर दुसऱ्या दिवशी गळ्यावर बोट ठेवून तिसरे वर्तुळ उघडा.

मुलाला नियम समजला की त्याने शब्द नुसते पाठ केले, हे कसे ओळखायचे? त्यासाठी जीन बर्को या अमेरिकन भाषाभ्यासक बाईंनी 1958 साली प्रसिद्ध केलेली एक युक्ती आहे. त्यांनी चार ते सात वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले आणि त्याचे नाव ‘वग’ असे सांगितले. मग दोन प्राणी दाखवून, आता हे काय आहेत, असे विचारले. मुलांनी तो शब्द कधीच ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी ‘वग्झ’ म्हटले. म्हणजे नियम त्यांच्या डोक्यात होता. पण ‘टॅस’ असा बनावट शब्द दिल्यावर बरीच मुले ‘टॅसिझ’ म्हणू शकली नाहीत, ‘टॅस’वरच थांबली, जरी त्यांना ‘ग्लासिझ’ येत होते. स्वर वाढणारा उच्चार ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्या मुलांनाही उशिरा जमतो. आपल्या मुलांना तिथे जास्त दिवस लागले तर नवल मानू नका.

आपल्याकडे बनावट शब्द शोधायची गरज नाही. हजेरीपट घ्या. मुलांच्या नावांना मालकीचा एस लावा. अशोकची पिशवी : ‘अशोक्स’. अमितची : ‘अमित्स’. विनोदची : ‘विनोद्झ’. संगीताची : ‘संगीताझ’. प्रकाशची : ‘प्रकाशिझ’. ही रूपे त्यांनी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नसतात, त्यामुळे जे म्हणतील ते समजून म्हणतील. आणि स्वतःचे नाव असले की कोणी मागे बसत नाही.

शेवटी, काय किती ताणायचे याचा क्रम. सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्यय गाळणे. ‘काल मी वॉक’ म्हटले तर काळच कळत नाही. दुसरी, नसलेली टाळी वाढवणे, ‘हेल्प-एड’. त्याने शब्दाचा आकारच बदलतो आणि ऐकणारा अडखळतो. या दोन्हींसाठी आग्रह धरा. तिसरी, ‘झ’च्या जागी ‘स’ म्हणणे. ती हलकी आहे, कारण इंग्रज माणसाचाही शेवटचा झ अर्धवटच घुमतो. क्वचित शब्द बदलतो. ‘पेन्स’ म्हणजे पैसे, ‘पेन्झ’ म्हणजे लेखण्या. तिथे फरक ऐकू यावा असे वाटत असेल तर झ-च्या आधीचे जरा लांबवायला सांगा, तेवढ्याने काम होते.

‘हेल्प्ट’सारखा जोडाक्षरी शेवट ज्याला जमत नाही, त्याला पुढे स्वराने सुरू होणारा शब्द द्या. ‘हेल्प्ट अस’ हे ‘हेल्प-टस’ असे म्हणू द्या. ट पुढच्या शब्दावर बसला की जीभ मोकळी होते. मात्र ‘वॉक्ट टू’मध्ये दोन ट वेगळे ऐकवण्याचा हट्ट धरू नका. तिथे इंग्रजी बोलणारेही एकच ट उच्चारतात.

त्या वहीचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला वर्गासमोर सांगितले की वाचताना तू बरोबर होतीस आणि मी चूक. मग तिला विचारले, तू टी कुठे लिहिलास, डी कुठे आणि ई-डी कुठे, हे वर्गाला सांगशील का? तिने फळ्यावर तीन रकाने काढले. त्या दिवशी नियम वर्गाने तिच्याकडून ऐकला. मी फक्त एक गोष्ट जोडली. तिन्ही रकान्यांच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत ई-डी लिहिले आणि सांगितले, लिहायचे हे, म्हणायचे खालचे.

उद्या वही तपासताना कोणी ‘वॉक’ला टी लावलेला दिसला, तर लाल पेन उचलण्याआधी त्या मुलाला तो शब्द मोठ्याने म्हणायला सांगा.